वैशाखी लाखेची कापणी आणि किड्याचे वेळापत्रक

प्रश्न: देपालपूर रस्त्याला आमच्या शेताच्या बांधावर दहा पळस आहेत. पाहुण्यांनी ऑक्टोबरमध्ये त्यांतल्या सहांवर लाखेच्या काड्या बांधून दिल्या. आता मार्च आहे आणि फांद्यांवर लालसर तपकिरी कवच चढले आहे. एक जण म्हणतो एप्रिलमध्ये काढा, दुसरा म्हणतो जूनपर्यंत थांबा. कोणाचे ऐकावे? आणि हे कवच म्हणजे झाडाचा डिंक की किड्याने केलेले काही?

उत्तर:

दोघांचेही बरोबर आहे, कारण ते दोन वेगळ्या मालांबद्दल बोलत आहेत. एप्रिल-मेमध्ये कापलेल्या लाखेत किडा अजून जिवंत असतो आणि त्याची पिल्ले बाहेर पडलेली नसतात. तिला अरी लाख म्हणतात आणि ती थेट विकायची असते. जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीस कापलेली लाख ही पुढच्या पिकाचे बियाणे, म्हणजे बीजलाख असते. आपल्या सहा झाडांपैकी चारांवरची लाख एप्रिलच्या उत्तरार्धात कापावी आणि दोन झाडे बियाण्यासाठी राखावीत, असे मी सुचवीन. मी इंदूरला कीटकशास्त्र शिकवत आलो आहे आणि बालाघाट-शिवनीकडची लाखेची शेती जवळून पाहिली आहे. हा सल्ला कशावर उभा आहे ते किड्याच्या आयुष्यक्रमावरून सांगतो.

आधी डिंकाचा प्रश्न. पळसाला स्वतःचा डिंक असतो. सालीला जखम झाली की तो लाल थेंबांच्या रूपाने पाझरतो आणि बाजारात कमरकस या नावाने विकला जातो. त्याचा खडा गरम पाण्यात टाकला तर विरघळू लागतो. लाखेचा तुकडा टाकला तर पाणी रंगाने तांबूस होईल, पण राळ तशीच राहील. ती स्पिरिटमध्ये विरघळते आणि आच लागली की मऊ होते. ही राळ केरिया लॅका नावाचा किडा तयार करतो. झाड त्याला फक्त रस पुरवते.

आपल्या पाहुण्यांनी ज्या काड्या बांधल्या त्यांवरच्या कवचांतून ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिल्ले बाहेर पडली असतील. पिल्लू जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब, लाल रंगाचे आणि सहा पायांचे असते. ते कोवळ्या फांदीवर वर सरकत जाते, सालीत सोंड खुपसते आणि तिथेच बसते. रस पिऊ लागल्यावर एक-दोन दिवसांतच त्याच्या कातडीतल्या ग्रंथींतून राळ पाझरू लागते आणि हवेत घट्ट होऊन त्याच्याभोवती कोठडी तयार होते. पिल्ले एकमेकांना खेटून बसलेली असल्यामुळे या कोठड्या वाढता वाढता जुळतात आणि आपण ज्याला कवच म्हणता ते सलग दिसू लागते. राळ अंगाच्या जवळजवळ सर्व भागांतून येते. फक्त तोंडाजवळ, श्वासाच्या दोन छिद्रांपाशी आणि गुदद्वारापाशी येत नाही. श्वासाच्या आणि गुदद्वाराच्या जागी मेणाचे पांढरे तंतू उगवतात आणि त्यांच्यामुळे ही छिद्रे राळेने बुजत नाहीत. भिंगातून पाहिलेत तर कवचावर कापसासारखे हे तंतू आपल्याला आजही दिसतील. ते ताजे व पांढरे असतील तोवर आतला जीव श्वास घेतो आहे असे समजावे.

पहिली कात टाकल्यावर मादीचे पाय, मिशा आणि डोळे जातात आणि ती जन्मभर एकाच ठिकाणी राहते. नराची कोठडी वेगळी, लांबट असते व तिच्या मागच्या टोकाला झाकण असते. वैशाखी, म्हणजे आपल्यासारख्या ऑक्टोबरमध्ये बांधलेल्या पिकात नर फेब्रुवारी-मार्चमध्ये हे झाकण ढकलून बाहेर येतात, माद्यांशी मीलन करतात आणि थोड्याच दिवसांत मरतात. म्हणजे आपण हा प्रश्न विचारता आहात त्याच सुमारास आपल्या फांद्यांवर हे घडत आहे किंवा नुकतेच घडून गेले आहे. राळेचा मोठा वाटा यानंतर तयार होतो, कारण फलन झालेली मादी झपाट्याने वाढते आणि तिच्याबरोबर तिचे कवचही जाड होत जाते. म्हणूनच मार्चमध्ये लाख काढणे सर्वांत तोट्याचे आहे: कवच पातळ असते आणि बियाणेही हाती लागत नाही.

मग सगळीच झाडे जूनपर्यंत का ठेवू नयेत? कारण आपल्याकडचा उन्हाळा. पळसावर वाढणारी लाखेच्या किड्याची रंगीनी जात एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात मोठ्या प्रमाणावर मरते. इंदूरच्या परिसरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि बांधावरच्या एकट्या पळसाला सावलीही नसते, पाणीही नसते. मादी पिल्ले देण्यापूर्वीच मेली तर जूनमध्ये हाती आलेले कवच बियाण्याच्या कामाचे नसते, आणि दोन महिने थांबूनही राळ वाढलेली नसते. एप्रिलच्या उत्तरार्धात कापले तर मिळालेली राळ तरी पदरात पडते. शिवाय ही कापणीच झाडाची छाटणी ठरते. लाख असलेल्या फांद्या निघाल्या की पळसाला नवे फुटवे येतात आणि ऑक्टोबरपर्यंत ते सुमारे सहा महिन्यांचे, म्हणजे पुढच्या वैशाखी पिकासाठी योग्य वयाचे होतात. बियाण्यासाठी ठेवायची दोन झाडे मात्र विहिरीजवळची, नाल्याकाठची किंवा मोठ्या झाडाच्या सावलीतली निवडा, आणि जमत असेल तर एप्रिल-मेमध्ये त्यांच्या बुंध्याला पाणी द्या.

या दोन झाडांची दर आठवड्याला पाहणी करावी. सुईने एखादी कोठडी फोडून पाहा. आतून गर्द लाल पातळ द्रव आला तर मादी जिवंत आहे. आतला भाग तपकिरी व कोरडा असेल तर ती मेली आहे. कवचावर गोल छिद्रे दिसली, किंवा रेशमी धाग्यांत गुंफलेल्या लालसर कणांचे जाळे दिसले, तर आत पतंगाची अळी माद्या खाते आहे असे समजावे. फांद्यांवर काळी बुरशी चढलेली असेल तर ती किड्याने टाकलेल्या गोड चिकट द्रवावर वाढलेली असते. थोडी असेल तर चिंता नको, पण ती श्वासाची छिद्रे झाकू लागली तर नुकसान होते. मेच्या मध्यापर्यंत बहुतेक माद्या मेलेल्या दिसल्या, तर ही दोन झाडेही कापून माल विकावा आणि जुलैसाठी बीजलाख बाहेरून आणावी.

सर्व ठीक असेल तर जूनमध्ये प्रत्येक कोठडीच्या गुदद्वाराकडच्या बाजूला पिवळसर डाग दिसू लागेल. अंडी घालण्यासाठी मादी आक्रसते, तिचे अंग कोठडीच्या भिंतीपासून सुटते आणि मागे राहिलेली पोकळी पारदर्शक राळेतून पिवळी दिसते. डाग पसरत पसरत कोठडीच्या साधारण अर्ध्या भागापर्यंत आला की पिल्ले बाहेर पडायला सुमारे आठवडा उरला आहे असे धरावे. कापणीची वेळ ती हीच. याहून लवकर कापले तर आतल्या मादीला रस मिळत नाही आणि अशक्त पिल्ले निघतात. उशीर केला तर पिल्ले त्याच फांद्यांवर बसतात, आणि दमलेल्या झाडावर दुसरे पीक लादले जाते.

कापलेली बीजलाख दोन-तीन दिवसांत उरलेल्या चार पळसांवर बांधावी. तोवर सावलीत, हवेशीर जागी पसरून ठेवावी, ढीग करू नये. त्या चार झाडांची छाटणी फेब्रुवारीतच व्हायला हवी होती. राहून गेली असेल तर ती लगेच करा. बीजलाख किती लागेल याचा अंदाज कोवळ्या फांद्यांच्या एकूण लांबीवरून करावा, दर मीटरला सुमारे २० ग्रॅम. समजा एका झाडावर अशा फांद्या ३० मीटर भरल्या, तर त्याला ६०० ग्रॅम आणि चार झाडांना २ किलो ४०० ग्रॅम लागेल. आपल्या दोन झाडांवरून एवढी निरोगी बीजलाख निघाली नाही तर चारऐवजी तीनच झाडे घ्यावीत. काड्या फुटव्यांच्या बुडाशी, फांदीला लागून, दोन्ही टोकांना घट्ट बांधाव्यात. पिल्ले वरच्या दिशेने जातात आणि काडी लोंबकळत राहिली तर त्यांना फांदी सापडत नाही. दर इंचाला साठ छिद्रे असलेल्या नायलॉन जाळीच्या पिशवीत काड्या घालून बांधल्या तर पिल्ले जाळीतून निघून जातात आणि शत्रुकीटकांचे पतंग आतच अडकतात. हा खर्च मला नेहमीच योग्य वाटतो.

बांधल्यापासून तीन आठवड्यांच्या आत या काड्या उतरवाव्यात. पिल्ले निघून गेलेली ही लाख म्हणजे फुंकी लाख. तीही विकली जाते, पण ती झाडावर विसरली तर तिच्यातून निघालेले शत्रुकीटक नव्या पिकावर जातात.

माळव्यात आणखी एक धोका आहे आणि त्याबद्दल फारसे कोणी सांगत नाही. जुलैत बांधलेले कातकी पीक ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघते, म्हणजे त्याचा सगळा काळ शेजारच्या सोयाबीनच्या फवारणीचा असतो. कीटकनाशकाचा तुषार वाऱ्याने बांधावर आला तर नुकतीच बसलेली पिल्ले मरतात. शेजाऱ्यांशी जूनमध्येच बोलून ठेवा, आपल्या शेतात बांधालगतचे तास वगळा आणि वारा झाडांकडे वाहत असेल त्या दिवशी फवारणी करू नका. हे शक्य नसेल तर जुलैचे पीक सोडून फक्त ऑक्टोबरचे घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता एप्रिलमध्ये कापलेल्या चार झाडांच्या मालाबद्दल. काड्या कापल्या की शक्य तितक्या लवकर चाकूने किंवा विळीने लाख खरवडून घ्यावी. साल व लाकूड जितके कमी येईल तितका भाव चांगला मिळतो. अरी लाखेत जिवंत किड्यांचा ओलावा असतो, त्यामुळे वाळताना तिचे वजन घटते. ओली विकायची की वाळवून, हे व्यापाऱ्याशी दोन्ही भाव विचारून ठरवा. वाळवायची असेल तर सावलीतल्या फरशीवर पातळ थरात पसरावी आणि सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा फावड्याने परतावी. उन्हात टाकली किंवा ओली असतानाच पोत्यात भरली तर राळ मऊ होऊन दाणे एकमेकांना चिकटतात आणि दगडासारखी ढेप तयार होते. तिच्यापासून दाणालाख वा चपडा ही शुद्ध केलेली लाख चांगली बनत नाही आणि व्यापारी किंमत पाडतो. मूठभर लाख घट्ट दाबून सोडल्यावर दाणे सुटे झाले तर ती पोत्यात भरण्याइतकी वाळली आहे.