निबंधातल्या व्याकरणाला गुण कसे द्यावेत: बिनचूक छोटी वाक्यं की चुकत लिहिलेली मोठी?

प्रश्न: मी कोल्हापुरात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी कन्नड, हिंदी नाहीतर बंगाली बोलतात. निबंधात व्याकरणाला १० गुण आहेत. प्रत्येक चुकीला अर्धा गुण कापला, तर चार-चार शब्दांची वाक्यं लिहिणारी मुलं पुढे जातात आणि धडपडून लिहिणारी मागे पडतात. यासाठी गुण देण्याचं रुब्रिक कसं बनवावं?

उत्तर:

अर्धा गुण कापायची पद्धत मीही काही वर्षं वापरली. एका कन्नडभाषक मुलाची पहिल्या सत्रातली आणि वार्षिक परीक्षेतली वही शेजारी ठेवली, तेव्हा ती सोडली. वर्षाच्या शेवटी त्याचे गुण वाढले होते आणि वाक्यं आखूड झाली होती. आधी तो ‘जो’, ‘तर’, ‘म्हणून’ वापरायचा आणि चुकायचा. नंतर त्याने ते शब्दच टाळले. माझ्या लाल पेनाने त्याला तेवढंच शिकवलं होतं.

आता मी १० गुणांचे दोन भाग करतो: ५ अचूकतेचे, ५ व्याप्तीचे. अचूकता म्हणजे जे लिहिलं ते किती बरोबर आहे. व्याप्ती म्हणजे मुलाने कोणकोणत्या रचना हाताळल्या. आयईएल्ट्ससारख्या इंग्रजीच्या परीक्षेत या दोन्हींचा मिळून एकच निकष असतो. तिथे त्याच कामासाठी तयार केलेले परीक्षक असतात. शाळेत एकत्र गुण द्यायला गेलं की चूक डोळ्यांत आधी भरते आणि व्याप्ती मागे राहते, म्हणून वेगळे रकाने बरे.

अचूकतेसाठी मी चुका मोजत नाही, चूक नसलेली उपवाक्यं मोजतो. उपवाक्य कुठे संपतं यावर वाद होऊ नये म्हणून नियम साधा ठेवलाय: जितकी पूर्ण क्रियापदं, तितकी उपवाक्यं. ‘मामा आले म्हणून आम्ही गेलो’ यात दोन. ‘पोचल्यावर’, ‘बघताना’, ‘खाऊन’ ही धातुसाधितं इथे मोजायची नाहीत, त्यांचं श्रेय व्याप्तीत मिळतं.

‘रंकाळ्यावरची संध्याकाळ’ या विषयावरचे दोन निबंध घेऊन हे करून दाखवतो. दोन्ही मी वर्गात दिसणाऱ्या चुकांवरून नमुन्यासाठी रचलेत.

पहिला: ‘रंकाळा मोठा आहे. तिथे पाणी आहे. आम्ही रविवारी जातो. तिथे भेळ मिळते. मला भेळ आवडते. बाबा फोटो काढतात. संध्याकाळ छान असते. आम्ही घरी येतो.’

दुसरा: ‘काल मामा बेळगावहून आले म्हणून आम्ही रंकाळाला गेलो. तिथे पोचल्यावर मामांनी भेळ घेतला. मी भेळ खाल्लो. मी म्हणालो की मला बोटीत बसायचं आहे. पण पाऊस सुरू झाला. जे लोक फिरत होते ते झाडखाली थांबले. पाऊस बघताना मला गंमत वाटला. पाऊस थांबला असता तर आम्ही बोटीत बसलो असतो.’

जुन्या हिशेबाने पहिल्याला १० पैकी १० आणि दुसऱ्याला पाच चुकांचे अडीच कापून साडेसात. आता उपवाक्यं मोजू. पहिल्यात ८, सगळी स्वच्छ. दुसऱ्यात १२, त्यांतली ७ स्वच्छ, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त. शिवाय दुसऱ्यातल्या पाच चुका पाच वेगळ्या गोष्टी नाहीत. ‘रंकाळाला’ आणि ‘झाडखाली’ ही सामान्यरूपाची एकच अडचण आहे. ‘भेळ घेतला’ आणि ‘गंमत वाटला’ ही लिंगाची एक. ‘मी भेळ खाल्लो’ ही प्रयोगाची. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी असतात आणि भूतकाळातही क्रियापद कर्त्याच्याच मागे जातं. त्यामुळे भेळ स्त्रीलिंगी का आणि भेळेमुळे ‘खाल्ली’ का होतं, हे त्या मुलाला नव्यानेच शिकावं लागतं. हिंदीभाषक मुलाची चूक वेगळी पडते. त्याला ‘ने’ आणि कर्मणी ठाऊक असतं, पण नपुंसकलिंग नसतं, मग हिंदीतलं लिंग धरून तो ‘माझी पुस्तक हरवली’ लिहितो. गुजरीच्या सराफ बाजारात काम करणाऱ्या बंगाली कारागिरांची मुलं तुमच्याकडे असतील, तर त्यांच्या भाषेत व्याकरणिक लिंगच नाही. तिथे विशेषण आणि क्रियापद दोन्ही डगमगणार.

आता स्तर. अचूकतेचा स्तर १ म्हणजे बहुतेक उपवाक्यं बिघडलेली असतात आणि कोणी कोणाला काय केलं हे वाचणाऱ्याने ओळखायचं असतं. स्तर २ वर निम्म्याहून कमी उपवाक्यं स्वच्छ असतात, काही वाक्यं दोनदा वाचावी लागतात. स्तर ३ वर निम्मी ते पाऊण स्वच्छ असतात, दोन-तीन ठरावीक जागी तीच चूक पुन्हा पुन्हा होते, पण अर्थ पहिल्या वाचनात कळतो. स्तर ४ वर पाऊणहून अधिक स्वच्छ असतात आणि एका जागी चुकलेलं रूप दुसरीकडे बरोबर आलेलं दिसतं. हे लक्षण मी मुद्दाम शोधतो, कारण त्या मुलाला नियम माहीत असतो, नुसता हात घसरलेला असतो. स्तर ५ वर लांब वाक्यांसकट जवळपास सगळं स्वच्छ, एखादी निसटलेली चूक.

व्याप्तीचा स्तर १ म्हणजे ‘आहे’ची वाक्यं आणि सुटे शब्द. स्तर २ वर केवल वाक्यं, फार तर ‘आणि’, ‘पण’, आणि बहुतेक मजकूर एकाच काळात. स्तर ३ वर ‘कारण’, ‘म्हणून’, ‘की’ येतात, काळ गरजेप्रमाणे बदलतो, ‘गेल्यावर’, ‘बघून’ अशी रूपं अधूनमधून दिसतात. स्तर ४ वर ‘जो-तो’, ‘जर-तर’, धातुसाधितं आणि ‘मला जायचं आहे’सारख्या रचना जिथे हव्या तिथे येतात, कधी चुकत का होईना. स्तर ५ वर मूल रचना निवडतं: कुठे वाक्य तोडायचं, कुठे जोडायचं, कोणता शब्द पुढे आणायचा, हे अर्थावरून ठरलेलं दिसतं. व्याप्तीत चुकीला गुण कापायचा नाही, तो आधीच कापलेला आहे. मात्र रचना ओळखू येण्याइतकी तरी जमलेली हवी. नुसता ‘जर’ लिहून पुढे काहीच आलं नाही, तर ती धरत नाही.

यावर एक अट घालावीच लागते: व्याप्ती २ किंवा कमी असेल, तर अचूकता ३ च्या वर द्यायची नाही. पहिल्या निबंधात चूक नाही हे खरं. पण भूतकाळ नाही, त्यामुळे ‘खाल्ली की खाल्लो’ हा प्रसंगच आला नाही. सामान्यरूपाची कसोटी लागेल असा शब्दही त्याने वापरला नाही. त्या मुलाला हे येतं की नाही, याचा पुरावा कागदावर नाही. अट लावली की पहिल्याला अचूकता ३, व्याप्ती २, मिळून ५. दुसऱ्याला अचूकता ३, व्याप्ती ४, मिळून ७. दोन्ही निबंध पुन्हा वाचा, मराठी जास्त कोणाला येतं याबद्दल तुमचं मन काय सांगतं ते पाहा.

कोल्हापुरात एका जागी मात्र फार सांभाळावं लागतं. आपल्याकडे मुली ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. बाहेरून आलेली मुलगी मराठी शेजारच्या मैत्रिणींकडून शिकते, मग निबंधात ‘मी शाळेत गेलो’ लिहिते. हे लिंगाचं अज्ञान नाही, तिने इथली भाषा नीट ऐकली आहे. ‘आलासा’, ‘जेवलासा’ यांचंही तसंच. मी अशा रूपांना पेन्सिलने गोल करतो, समासात ‘लिहिताना: गेले’ एवढं लिहितो आणि उपवाक्य स्वच्छ धरतो. ओळखायची खूण सोपी आहे: तीच मुलगी ‘आई गेला’ लिहीत असेल तर ती चूक, फक्त ‘मी’बरोबरच असं येत असेल तर ती बोली.

आणखी एक जागा: ‘मी पाणी प्यालो’, ‘मी धडा शिकलो’, ‘मी वही विसरलो’ ही प्रमाण मराठीतही बरोबर आहेत. ‘खाल्लो’वर खूण करता करता हात यांच्यावरही जातो. मुलं खुद्द ‘प्यालो’वरूनच ‘खाल्लो’ बनवतात, म्हणून ही यादी वर्गात वेगळी सांगून टाकावी.

ऱ्हस्व-दीर्घ या रुब्रिकमध्ये घेऊ नका, शुद्धलेखनाला वेगळे गुण ठेवा. अपवाद अनुस्वाराचा, कारण ‘मुलाना’ की ‘मुलांना’ यात वचनाचा प्रश्न असतो. ‘आंबा’, ‘संध्याकाळ’ यांवरचाही अनुस्वार गळत असेल तर ते लेखन समजा. बाकी सगळे जागेवर असून फक्त अनेकवचनी रूपांतलाच गळत असेल तर ते व्याकरण.

ही मोजणी फसते कुठे, तेही सांगतो. दहापेक्षा कमी उपवाक्यं असतील, तर एका चुकीने प्रमाण एकदम घसरतं. अशा वेळी, वरच्या पहिल्या निबंधासारख्या मजकुरावर, मी त्याच महिन्यातला दुसरा निबंध जोडून मोजतो. पाठ केलेला निबंधही फसवतो. पहिला परिच्छेद जर-तरसकट निर्दोष आणि विषय स्वतःच्या घराकडे वळला की सामान्यरूपं कोसळतात, असं दिसलं की मी पहिला परिच्छेद सोडून मोजतो. वार्षिक परीक्षेत हे करता येत नाही, म्हणून विषयच असा द्या की तो पाठ असणार नाही: ‘पावसाळा’ऐवजी ‘काल शाळेतून घरी जाताना’.

सुरू करण्याआधी एखाद्या सहशिक्षिकेबरोबर दहा निबंध वेगवेगळे तपासून ताडून पाहा. एका स्तराचा फरक चालतो. दोन स्तरांचा पडला, तर दोघींनी त्या निबंधातली क्रियापदं अधोरेखित करून पुन्हा मोजा. मी आणि माझ्या सहकाऱ्याने हे केलं तेव्हा फरक बहुतेक वेळा मोजणीतच सापडला. मी ‘बसायचं आहे’ हे एक धरत होतो, तो दोन. ज्यांवर दोघींचं एकमत होईल असे प्रत्येक स्तराचे दोन-तीन निबंध नावं झाकून फाइलला लावा. पुढच्या वर्षी गठ्ठा हातात घेण्याआधी ते वाचा, नाहीतर पन्नासाव्या वहीपर्यंत आपला स्तर ३ नकळत कडक झालेला असतो.