पडलेलं पान परत कॅटात जातं का, ते आधी बघा

प्रश्न: पत्ते उघडताना सलग सहा लाल पानं आली तर सातवं काळं येण्याची शक्यता वाढते का? मित्र म्हणतो वाढते, सगळीकडे वाचलं तर नाही म्हणतात.

उत्तर:

वाद घालण्याआधी दोघांनी एक गोष्ट ठरवायला हवी होती. उघडलेलं पान परत कॅटात घालून पत्ते पुन्हा पिसले जातात, की ते बाजूला राहतं? परत जात असेल तर मित्र साफ चुकला. बाजूला राहत असेल तर तो बरोबर आहे, पण त्याने दिलेलं कारण बहुतेक चुकीचंच असणार.

‘पत्त्यांना स्मरणशक्ती नसते’ असं ऐटीत सांगणाऱ्या लोकांचा मला जुना राग आहे. नाण्याला नसते, फाशाला नसते, रूलेटच्या चाकालाही नसते. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत चाकावर काळा रंग सलग २६ वेळा आला, आणि आता लाल येणारच म्हणून लाल रंगावर पैसे ओतणारे धुऊन निघाले. हा किस्सा सगळ्यांना पाठ असतो. पण ते चाक होतं. दर फेरीला चाकावर तेच आकडे शिल्लक असतात. कॅटातून मात्र दर पानागणिक एक पान कमी होतं, आणि काय कमी झालं हे टेबलावर उघडं पडलेलं असतं.

साधा हिशोब करू. जोकर काढलेला ५२ पानांचा कॅट, २६ लाल, २६ काळी. पहिली सहाही पानं लाल आली आणि बाजूला राहिली. उरली ४६ पानं, त्यांत लाल २० आणि काळी २६. सातवं पान काळं असण्याची शक्यता ४६ पैकी २६, म्हणजे साधारण ५६.५ टक्के. आणि तीच सहा पानं दरवेळी परत घालून नीट पिसली असती तर? ५२ पैकी २६, बरोबर निम्मी. सहा काय, साठ लाल आली असती तरी निम्मीच.

इथपर्यंत मित्र खूश होईल. पण वाढलेले साडेसहा टक्के ‘सलग’ आल्यामुळे वाढलेले नाहीत. सहा लाल पानं निघून गेल्यामुळे वाढले आहेत. ती एकामागोमाग आली की अधेमधे काळी पानं पडत गेली, याने उरलेल्या पानांत काही फरक पडत नाही. मोजायची असते ती एकूण गेलेली पानं. लोक मात्र शेवटची रांग मोजतात, आणि नेमके तिथे फसतात.

कसे फसतात ते बघा. डाव सुरू होऊन २४ पानं उघडली आहेत. त्यांत लाल फक्त ८, काळी १६. त्यानंतर सलग सहा लाल येतात. टेबलाभोवती कुजबुज सुरू होते, ‘आता काळं, आता काळं’. हिशोब करा. एकूण ३० पानं गेली, लाल १४ आणि काळी १६. उरली २२, त्यांत लाल १२, काळी १०. म्हणजे सलग सहा लाल येऊनही पुढचं पान लाल असण्याचीच शक्यता जास्त आहे, सुमारे ५४.५ टक्के. जितके लावले तितकेच मिळणार अशा भावाने इथे काळ्यावर पैसे लावणारा सरासरी शंभरामागे नऊ घालवतो. आणि वर म्हणतो, आज नशीब नव्हतं.

यावर मुरलेला माणूस एक प्रश्न काढेल, आणि तो चांगला प्रश्न आहे. एखादा माणूस त्या सहा पानांपुरताच टेबलाशी येऊन उभा राहिला, आधीची २४ त्याने पाहिलीच नाहीत. त्याने काय धरायचं? त्याने ४६ पैकी २६ धरायचं, आणि त्याच्यापुरतं ते बरोबर आहे. न पाहिलेलं पान बाहेर पडलेलं असो वा कॅटात असो, हिशोबात ते कॅटातच आहे असं धरायचं असतं. म्हणूनच पिसल्यावर पहिलं पान न दाखवता बाजूला टाकलं तरी आकडे हलत नाहीत. एकाच टेबलाशी, एकाच क्षणी, दोन माणसांचे दोन वेगळे आकडे असू शकतात आणि दोघेही बरोबर असू शकतात. चुकतो तो, जो सुरुवातीपासून बसून आहे, ज्याने तिसाही पानं पाहिली आहेत, आणि तरी शेवटच्या सहांवरच पैसे लावतो.

आता हे घेऊन कुठे जुगाराला जाणार असाल तर थांबा. एका कॅटावर मिळणारा फायदा आठ कॅटांत विरून जातो. आठ कॅट म्हणजे ४१६ पानं, त्यांत २०८ काळी. सहा लाल गेली की उरतात ४१०, आणि काळ्याची शक्यता होते ५०.७ टक्के. समजा अशा ठिकाणी जिंकलेल्या रकमेवर पाच टक्के कापून घेतात, जसे बॅकरॅटमध्ये बँकरच्या बाजूने जिंकल्यावर साधारणपणे कापतात. मग एवढ्या ‘फायद्यानंतरही’ सरासरी शंभरामागे एक तुमचाच जातो. याच बॅकरॅटच्या टेबलावर मागचे निकाल मांडायला कागद आणि पेन्सिल कॅसिनोच देतो, वर पडद्यावरही दाखवतो. उलट ब्लॅकजॅकमध्ये कोणती पानं गेली हे मोजणारा लक्षात आला की त्याला उठवतात. गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं होतं की ब्लॅकजॅकमध्ये मोजण्याने खेळाडूचं पारडं जड होऊ शकतं. कागद कुठे फुकट मिळतो आणि माणसाला कुठे उठवतात, एवढं पाहिलं तरी कशाला किंमत आहे ते कळतं.

टेबलाशी बसताना नजर ठेवायची ती वापरलेल्या पानांवर. ती एका ट्रेमध्ये साचत असतील तर मोजण्याला अर्थ आहे. दर डावानंतर ती यंत्रात परत जात असतील, आणि यंत्र सतत पिसत असेल, तर मोजणी जवळजवळ निरुपयोगी. पेटीतून पानं वाटत असतील तर त्यांत एक रंगीत प्लॅस्टिकचं पान खोचलेलं असतं. ते बाहेर आलं की चालू डाव संपवून सगळं नव्याने पिसतात, आणि तिथे तुमची मोजणी शून्यावर आली. सर्रास होणारी चूक ही की पिसण्याआधीची चार लाल आणि नंतरची दोन लाल मिळून लोक ‘सलग सहा’ म्हणतात. आधीच्या चारांचा आता काहीही संबंध उरलेला नसतो.

पिसण्याबद्दल आणखी एक, कारण इथे तर मित्राचं म्हणणं उलटंच पडतं. वरचे सगळे आकडे कॅट नीट पिसलेला आहे असं धरून आहेत. दोन भाग करून पानं एकमेकांत सोडत पिसलं तर साधारण सात वेळा पिसावं लागतं, हे बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं. हातात कॅट धरून गठ्ठे पुढे-मागे टाकत पिसणाऱ्यांना त्याच्या कितीतरी पट पिसावं लागेल, आणि घरात तर बहुतेक जण चार-पाच झटक्यांत उरकतात. आधीच्या खेळात कोणी एका रंगाचे क्रम लावून ठेवले असतील तर ती पानं गठ्ठ्यानेच राहतात. अशा कॅटात लाल पानामागे लाल येण्याचीच शक्यता वाढते. म्हणजे लाल रांग बघून काळ्यावर लावणारा तिथे दुहेरी चुकतो. हे ओळखायचं कसं? पूर्ण कॅट उघडून रंग किती वेळा बदलतो ते मोजा. नीट पिसलेल्या कॅटात एकाच रंगाचे तुकडे सरासरी २७ असतात. दर वेळी वीसच्या आत येत असतील तर पिसणाऱ्याचा हात तपासा.

आणि सलग सहा म्हणजे काही अघटित घडलं असंही नाही. नीट पिसलेले दहा कॅट उलगडले तर एकाच रंगाच्या सहा किंवा जास्त पानांच्या रांगा सरासरी सहा सापडतात. लोकांना त्या विशेष वाटतात, कारण बाकीचे दोन-तीनचे तुकडे कोणी लक्षात ठेवत नाही.

तुमचा वाद मिटवायचा असेल तर बोलण्यापेक्षा हे करा. जोकर काढून कॅट नीट पिसा. एक-एक पान उघडण्याआधी दोघांनी रंग कागदावर लिहायचा. तुम्ही गेलेली लाल-काळी पानं मोजा आणि ज्या रंगाची जास्त उरली आहेत तो लिहा, बरोबरी असेल तेव्हा काहीही. मित्राने नेहमी आधीच्या पानाच्या उलट रंग लिहायचा. ५२ पानांत तुमचे सरासरी ३० अंदाज बरोबर येतील, त्याचे साडेसव्वीस, आणि डोळे मिटून लिहिणाऱ्याचे २६. दहा-वीस कॅट खेळलात तर फरक उघड दिसेल. मग हाच खेळ दर पानानंतर पान परत घालून आणि पुन्हा नीट पिसून खेळा. वेळखाऊ आहे, पण तेव्हा तिघेही सरासरी २६ वर येतात. फक्त जोकर खरंच काढले आहेत ना आणि पानं ५२ भरतात ना, ते आधी मोजून घ्या. जुन्या कॅटात एखादं पान हमखास हरवलेलं असतं, आणि मग मित्र त्यावरूनच भांडत बसेल.