उत्तर गोल करण्याआधी हे करून बघ

मित्रा, 2.25 टेबलं आणि 3.75 कपाटं असं उत्तर आलं की हात आपोआप 2 आणि 4 लिहायला जातो. थांब. तुझं गणित असं धर: x टेबलं, y कपाटं, दोन्ही पूर्णांकच; नफा 5x + 8y जास्तीत जास्त हवा, x + y ≤ 6 आणि लाकडासाठी 5x + 9y ≤ 45. (2, 4) ला लाकूड 46 लागतं, म्हणजे बसतच नाही. खाली उतरून (2, 3) घेतलंस तर नफा फक्त 34. खरं उत्तर आहे (0, 5), नफा 40; गोल करून तिथे कुणी पोचलं नसतं!

ब्रँच अँड बाउंड ही पूर्णांक उत्तर शोधायची पद्धत अपूर्णांकावरच घाव घालते. y ≤ 3 आणि y ≥ 4 अशा दोन फांद्या कर. मधला पट्टा गेला, पूर्णांक एकही गेला नाही. पहिलीत (3, 3), नफा 39. दुसरीत x = 1.8, कमाल 41, म्हणजे अजून आशा आहे. तिथे x ≥ 2 अशक्य; x ≤ 1 ला y = 4.44, कमाल 40.56. पुन्हा फोड: y ≤ 4 ला 37, y ≥ 5 ला 40.

एखाद्या फांदीची कमाल हातातल्या उत्तराच्या वर जात नसेल, तर ती न उघडताच छाट. चल संख्येने जास्त असले की मात्र फांद्या भयंकर वाढतात.