'देता येईल' म्हणजे नक्की देणार का?

प्रश्न: एका कराराच्या पेमेंट क्लॉजचं मराठी भाषांतर तपासायला आलंय. इंग्रजीत शॅल आणि मे आहेत, मराठीत कुठे 'देईल', कुठे 'देता येईल', कुठे 'देऊ शकेल'. घोळ कुठे आहे हे ओळखायचं कसं? काही ठरलेला तक्ता आहे का?

उत्तर:

तक्ता आहे. शॅलला 'ईल', मेला 'ता येईल'. याच तक्त्यावरून माझं एका माणसाशी कडाक्याचं वाजलं होतं, म्हणून लिहायला बसले.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका एजन्सीकडून द्राक्ष खरेदीचा करार तपासायला आला. मूळ इंग्रजी निर्यातदाराच्या वकिलाचं, मराठी प्रत शेतकऱ्यांना वाचायला द्यायची. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, त्यामुळे असली फाइल आली की मी जरा सावरून बसते. द्राक्षाचा माल बागेतून गेला की जहाजाने युरोपला पोचायला तीन-चार आठवडे लागतात, तिथे पेट्या उघडून दर्जा तपासतात, आणि तोवर इथला शेतकरी पुढच्या छाटणीच्या खर्चाची जुळवाजुळव करत बसलेला असतो. पैशाच्या कलमात एक शब्द इकडचा तिकडे झाला तर त्याला ते किती महागात पडतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

कलम दोनच वाक्यांचं होतं. पहिलं: डिलिव्हरीनंतर 15 दिवसांत 70 टक्के रक्कम, 'द बायर शॅल पे'. दुसरं: 'द बॅलन्स मे बी पेड आफ्टर रिसीट ऑफ द क्वालिटी रिपोर्ट', म्हणजे परदेशी बंदरावरचा दर्जाचा अहवाल आल्यावर उरलेले 30 टक्के. मराठीत भाषांतरकाराने लिहिलं होतं, 'उर्वरित रक्कम दर्जा अहवाल प्राप्त झाल्यानंतर देता येईल.'

तक्त्याप्रमाणे एकदम चोख. आता हेच वाक्य एखाद्या बागायतदाराला वाचून दाखवा. तो म्हणणार, 'म्हणजे रिपोर्ट आला की पैसे येणार.' त्याच्या कानाला 'देता येईल' म्हणजे तेव्हा अडचण सुटेल, देणं शक्य होईल. द्यायचे आहेत हे त्याने गृहीतच धरलेलं असतं.

इंग्रजी वाक्याचे मात्र सरळ दोन अर्थ होतात. एक असा की देणं ठरलेलंच आहे, सवलत फक्त उशिराची आहे: अहवाल येईपर्यंत थांबलो तर तो करारभंग नाही. दुसरा असा की द्यायचं की नाही हेच खरेदीदाराच्या मर्जीवर आहे. मे ही परवानगी 'नंतर'ला आहे की 'देण्या'ला आहे, हे त्या वाक्यात कुठेच लिहिलेलं नाही. आणि वरच्या ओळीत शॅल आणि खालच्या ओळीत मे अशी मुद्दाम जोडी दिसली की दुसऱ्या अर्थाचं पारडं जड होतं, कारण वकील म्हणू शकतो की बांधून घ्यायचं असतं तर इथेही शॅलच लिहिलं असतं.

आकड्यांत बघा. समजा बागेतून 12,000 किलो माल गेला, दर किलोला 85 रुपये. एकूण 10,20,000. त्यातले 7,14,000 शॅलच्या हद्दीत. उरलेले 3,06,000 रुपये त्या मेवर लटकलेले.

मी शेरा लिहिला: 'मूळ वाक्य द्व्यर्थी आहे, मराठीत तिसराच अर्थ निघतोय, ग्राहकाला विचारावं.' एजन्सीत एक ज्येष्ठ सर होते, सरकारी भाषांतरात मुरलेले. त्यांनी शेरा काढून टाकला. फोनवर म्हणाले, "मुळात मे आहे, मराठीत 'देता येईल' आहे, विषय संपला. तपासनिसाने वकिली करायची नसते." मी म्हटलं, "सर, शेतकरी हे वेगळं वाचेल." ते म्हणाले, "वाचणाऱ्याची जबाबदारी आपली नाही." मी तेव्हा नवीन होते, बिल त्यांच्या हातात होतं, गप्प बसले. याची अजून लाज वाटते.

पुढच्या हंगामाआधी तीच फाइल सुधारित म्हणून परत आली. बदल एकाच कलमात. मेचं वाक्य काढून तिथे अहवाल मिळाल्यापासून 10 दिवसांत 'शॅल पे' घातलं होतं, आणि समासात वकिलाची टीप: मागच्या वर्षी या वाक्यावरून वाद झाला. किती जणांचे किती अडकले ते मला कधीच कळलं नाही. सरांना मी स्क्रीनशॉट पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

आता तुमच्याकडे वळते.

तक्ता सरकारी कायद्यांच्या भाषांतरातून आलाय आणि तिथे तो चालतो. संविधानाच्या अनुच्छेद 14 मध्येही राज्य समानता 'नाकारणार नाही' असंच आहे, तिथे 'नाकारू नये' लिहायची गरज पडत नाही, कारण वाचणाऱ्याला माहीत असतं की हा कायदा बोलतोय. करारात 'कंपनी 15 दिवसांत रक्कम देईल' हे वाक्य मात्र बातमीसारखंही वाचता येतं. 'पाऊस पडेल'सारखं. त्यामुळे पैशाच्या कलमात खऱ्या बंधनाच्या जागी मी 'देणे बंधनकारक राहील' किंवा 'खरेदीदाराने दिलीच पाहिजे' असंच करून घेते. कानाला जड लागतं, लागू दे.

पण म्हणून प्रत्येक शॅलला 'बंधनकारक' चिकटवत सुटू नका, नवशिके हेच करतात. माझी कसोटी एकच: हे वाक्य कोणी मोडू शकतो का? 'खरेदीदार शॅल पे' हे खरेदीदार मोडू शकतो, म्हणून बंधन. 'रक्कम खात्यात जमा झाली त्या दिवशी पेमेंट झाल्याचे मानले जाईल' यातही मूळात शॅलच असतो, पण हे मोडणार कोण? ते नियम ठरवणारं वाक्य आहे, तिथे 'ईल' अगदी योग्य. 'शेतकरी शॅल बी एन्टायटल्ड टू इंटरेस्ट' असेल तर तो शेतकऱ्याचा हक्क आहे, बंधन समोरच्यावर आहे, आणि 'शेतकऱ्याने व्याज घेतले पाहिजे' असं केलंत तर हसं होईल. (हे मी खरोखर पाहिलंय.)

मेला तीन वाक्यं लावून बघा. 'अमक्याला मुभा आहे', 'अमक्याची मर्जी आहे', 'असं होण्याची शक्यता आहे'. एकच वाक्य बसलं तर प्रश्न मिटला, आणि मराठीत नेमकं तेच आलंय का ते बघा. 'शकेल'वर विशेष नजर ठेवा, कारण मराठीत त्यात ताकदही येते, परवानगीही येते आणि शक्यताही येते. 'बँक शुल्क आकारू शकेल' हा इशारा आहे की अधिकार? दोन वाक्यं बसली तर दोष भाषांतरकाराचा नाही, मुळाचा आहे, आणि तो झाकणं तुमचं काम नाही.

मे नॉट दिसलं की थांबाच. 'बायर मे नॉट डिडक्ट' याचा अर्थ करारात बहुतेक वेळा 'कपात करता येणार नाही' असा असतो. भाषांतरकाराने 'कपात न करण्याची मुभा राहील' केलं असेल तर मनाईची चक्क सवलत झाली. याचंच भावंड म्हणजे 'शॅल नॉट बी ऑब्लाइज्ड टू पे'. ते 'देण्यास बांधील नाही', म्हणजे दिले तरी चालतील. 'देणार नाही' किंवा 'देऊ नये' लिहिलं तर दरवाजाच बंद. कर्मणी वाक्यात आणखी एक भोक असतं: 'रक्कम दिली जाईल' म्हटलं की देणारा गायब. आधी कर्ता शोधा, मग क्रियापदाकडे जा.

सर त्या वेळी एक मुद्दा नेहमी फेकायचे, तो तुम्हालाही कोणी ऐकवेल: कोर्ट मेलाही शॅल वाचतं, मग एवढी चिकित्सा कशाला? वाचतं, खरं आहे. 1880 चा ज्यूलियस विरुद्ध ऑक्सफर्डचे बिशप हा इंग्लंडमधला निकाल त्यासाठी ओळखला जातो, आणि आपल्या सुप्रीम कोर्टानेही तसं म्हटलंय. पण तो मुद्दा कायद्याने एखाद्या अधिकाऱ्याला दिलेल्या अधिकाराचा आहे, ज्यात लोकांच्या हक्कासाठी तो वापरण्याचं कर्तव्यही गुंतलेलं असतं. दोन खाजगी पक्षांच्या करारात त्या भरवशावर मे तसाच सोडणं म्हणजे शेतकऱ्याला 'कोर्टात जा' म्हणण्यासारखं. उलट सुप्रीम कोर्टाने कायद्यातला शॅलही सक्तीचा नाही असं धरल्याची उदाहरणं आहेत, 1957 चं मनबोधन लाल प्रकरण घ्या. सरांनी तेही वाचायला हवं होतं.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. कराराच्या शेवटी 'मतभेद झाल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य' असं कलम आहे का बघा. असेल तर मराठी प्रत फक्त समजण्यासाठी आहे, आणि तुम्ही तिथे संदिग्धता परस्पर मिटवलीत तर वाचणारा चुकीच्या समजुतीवर सही करेल. दुसरं, मी वकील नाही. दोन अर्थांपैकी कुठला खरा हे मी ठरवत नाही, तुम्हीही ठरवू नका. 'देता येईल'च्या जागी स्वतःच्या मनाने 'देणे बंधनकारक राहील' घालणं हा सरांच्या चुकीचाच उलटा प्रकार आहे. माझा हात तेव्हा शिवशिवला होता, खोटं कशाला बोलू.

ग्राहकाला मी हल्ली असं पाठवते:

'कलम अमुक, दुसरे वाक्य. मुळातील मेचे दोन अर्थ संभवतात. (अ) उर्वरित रक्कम देणे खरेदीदारावर बंधनकारक राहील, मात्र दर्जा अहवाल मिळेपर्यंत थांबण्याची त्यास मुभा राहील. (आ) दर्जा अहवाल मिळाल्यानंतर उर्वरित रक्कम द्यावी किंवा नाही, हे खरेदीदाराच्या मर्जीवर राहील. कोणता अभिप्रेत आहे ते कळवावे.'

(आ) असं उघड मराठीत लिहिलेलं वाचलं की बहुतेक ग्राहक स्वतःच दचकतात आणि तासाभरात फोन करतात. उत्तर फोनवर घेऊ नका, मेलवर मागा. उत्तर आलंच नाही तर 'दर्जा अहवाल मिळाल्यानंतर देण्याची खरेदीदारास मुभा राहील' असं दोन्ही अर्थ उघडे राहतील तसं ठेवा आणि शेरा फाइलमधून कोणालाही काढू देऊ नका, एजन्सीतले सर कितीही ज्येष्ठ असोत.