द्राक्षाचे पैसे बुडाले, म्हणून ४२० होत नाही

प्रश्न: एलएलबी दुसरं वर्ष. पेपरात आलं होतं: ‘अ’ने माल देतो सांगून ‘ब’कडून दोन लाख उचल घेतली, माल दिला नाही, पैसेही परत केले नाहीत. ही फसवणूक की नुसता करारभंग? उत्तर कसं लिहायचं, निवाडे किती द्यायचे आणि कलम ४२० लिहायचं की नवीन?

एवढ्यावरून फसवणूक होत नाही. पैसे हातात घेतले त्या घडीला ‘अ’च्या मनात माल द्यायचाच नव्हता, असं दाखवणारी एकही गोष्ट प्रश्नात दिलेली नाही. माल न देणं आणि पैसे न परतवणं हे दोन्ही करारभंगातही होतं. कलमाचं म्हणशील तर १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ पोटकलम ४, त्याआधीच्या घटनेला भारतीय दंड संहितेचं जुनं ४२०च.

तुझं उदाहरण तर कायद्यातच सोडवून ठेवलेलं आहे. १८६० च्या दंड संहितेत फसवणुकीच्या व्याख्येखाली निळीच्या पिकाचं उदाहरण आहे आणि नव्या संहितेतही ते राहिलं आहे. नीळ द्यायची नाहीच असं ठरवून उचल घेतली तर फसवणूक. उचल घेताना द्यायची होती, पुढे करार मोडला, तर फक्त दिवाणी दावा. माल तोच, रक्कम तीच, बुडणाराही तोच. बदलतं ते फक्त पैसे घेतानाचं मन.

हे मी इतकं ठामपणे लिहिते, कारण आमच्या घरात याच मुद्द्यावर २०१५ साली जे बिनसलं ते अजून सरळ झालेलं नाही.

आम्ही निफाड तालुक्यातले. माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो, यांची दीड एकर थॉमसन द्राक्षांची बाग होती. मार्चमध्ये नेहमीच्याच व्यापाऱ्याला बाग दिली. हा माणूस तीन वर्षं आमच्याकडून माल नेत होता आणि तिन्ही वर्षं त्याने हिशोब चुकता केला होता. ४२ रुपये किलोने सौदा झाला, इसार म्हणून एक लाख त्याने खुडा सुरू होण्याआधी दिले, आणि ८ मार्चला शेवटची गाडी भरून गेली. १४ टन माल. हिशोब झाला ५ लाख ८८ हजारांचा, बाकी राहिली ४ लाख ८८ हजार, मुदत पंधरा दिवसांची. त्यानंतर अवकाळी आला, वाटेतल्या मालाला डाग पडले, पुढच्या खरेदीदाराने त्याचे पैसे अडवले आणि याने आमचे.

मार्चअखेरीला नानांनी फोन केला तर तो म्हणाला, “नाना, पैसे तयार आहेत, सोमवारी घेऊन येतो.” पैसे तयार नव्हते. सोमवार आला नि गेला. नानांच्या डोक्यात तोच फोन बसला. “खोटं बोलला ना? मग फसवणूक नाही तर काय?” मी तेव्हा लॉच्या शेवटच्या वर्षाला होते. मी म्हटलं, नाना, तो खोटं बोलला खरं, पण माल जाऊन तीन आठवडे झाल्यावर. त्या थापेमुळे तुमच्या बागेतला एक घडसुद्धा सुटला नाही. आधी थाप, थापेमुळे विश्वास, आणि विश्वासामुळे माल हातातून गेला, असा क्रम लागला तरच फसवणूक. तुमच्याकडे क्रम उलटा आहे.

नाना म्हणाले, “तू अजून शिकतेयस.”

पेपरात हाच क्रम लाव. बहुतेक मुलं कलमातले शब्द पाठ लिहितात आणि मग ‘अ’ने पैसे परत केले नाहीत म्हणून त्याचा हेतू अप्रामाणिक होता, असं लिहून मोकळी होतात. तिथेच मार्क जातात. सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या २००० सालच्या निवाड्यात स्पष्ट सांगितलं आहे की नंतर वचन पाळलं नाही एवढ्यावरून सुरुवातीचा दुष्ट हेतू गृहीत धरता येत नाही. नंतरचं वागणं बघता येतं, पण ती एकमेव कसोटी नव्हे.

मग सुरुवातीचं मन कळतं कशावरून? त्याच मार्चमध्ये, आमच्यापासून दोन शिवं पलीकडे, दुसरा एक व्यापारी आला होता. गावात खोली भाड्याने घेतली, दारावर फर्मची पाटी लावली. पहिला एक छोटा प्लॉट रोख पैसे देऊन उचलला, त्यामुळे बोलबाला झाला. मग तीन दिवसांत पाच बागा घेतल्या. बाजार ४२ चा असताना याने ४८ दिला, सगळा माल आठ दिवसांच्या वायद्यावर, हमी म्हणून पुढच्या तारखेचे चेक. नवव्या दिवशी खोलीला कुलूप.

त्यातला एक परत आलेला चेक मी हातात घेऊन पाहिला आहे. सोबत बँकेचं छोटं पत्र, कारणाच्या रकान्यात ‘खाते बंद’. नुसती शिल्लक नाही असं असतं तर फार काही सिद्ध झालं नसतं, शिल्लक कुणाचीही संपते. तपासात कळलं की ते खाते चेक लिहिण्याच्या महिनाभर आधीच बंद झालं होतं. म्हणजे सही करतानाच त्याला माहीत होतं की हा चेक वटणं शक्यच नाही. पाटीवरच्या नावाची फर्म कुठे नव्हती. आणि माझ्या मते सगळ्यात बोलकी गोष्ट अशी: ४८ ने उचललेला माल त्याने त्याच दिवशी घाऊक बाजारात ३५-३६ ने विकला होता. त्याच्या पावत्या पोलिसांना मिळाल्या. शेतकऱ्याचे पैसे द्यायचे ज्याच्या मनात आहे तो माणूस किलोमागे बारा रुपये तोटा ठरवून घेत नाही. पैसे द्यायचेच नसतील तरच तो हिशोब जुळतो. यातली प्रत्येक गोष्ट माल हलायच्या आधीची किंवा त्याच दिवसाची आहे, म्हणून ती हेतू दाखवते. त्या प्रकरणात दोषारोपपत्र दाखल झालं आणि गुन्हा रद्द करण्याचा त्याचा अर्ज फेटाळला गेला.

निवाडा हवा असेल तर याच्याशी जुळणारा महादेव प्रसाद विरुद्ध पश्चिम बंगाल, १९५४. कथिलाच्या २५ लगडी, डिलिव्हरी मिळताच रोख पैसे देतो असं सांगून मागवल्या. विकणाऱ्याचा जमादार पैशांसाठी गादीवर ताटकळत बसला, पैसे मिळाले नाहीत आणि माल मात्र गेला. आरोपीचा बचाव तुझ्या ‘अ’सारखाच होता, की हा फार तर करारभंग. पण हातात पैसे नसताना रोखीचा शब्द दिला, हे परिस्थितीवरून दिसत होतं आणि शिक्षा कायम राहिली. हे दोन निवाडे समोरासमोर ठेवलेस तर तिसऱ्याची गरज नाही.

आता नानांचं. त्यांनी ऑगस्टमध्ये ४२० चा गुन्हा दाखल केला. फिर्यादीत वाक्य घातलं, ‘आरोपीचा सुरुवातीपासूनच फसवण्याचा इरादा होता’. पण त्याच फिर्यादीत वर लिहिलं होतं की याने तीन वर्षं पैसे दिले आणि या वेळीही एक लाख आधी दिले. इराद्याचं वाक्य लिहून इरादा सिद्ध होत नाही, त्याखाली घटना लागते. जानेवारी २०१९ मध्ये उच्च न्यायालयात गुन्हा रद्द झाला, दिवाणी मार्ग मोकळा आहे असं सांगून.

पण तो मार्ग तोवर बंद झाला होता. पैशांची मुदत २३ मार्च २०१५ ची, त्यापुढे तीन वर्षांत दावा लावायला हवा होता. फौजदारी तक्रार चालू आहे म्हणून ती मुदत थांबत नाही. मी २०१५ पासून हेच सांगत होते: दावा लावा, गुन्हा करायचा तर तोही करा, पण दावा लावा. नानांचं उत्तर ठरलेलं, “दिवाणीत मी म्हातारा होईन. पोलिसांनी बोलावलं की पैसे टेबलावर येतात.” आले नाहीत.

मला अजून सलतं ते वेगळंच. जून २०१५ मध्ये तो व्यापारी स्वतः घरी आला होता. ओट्यावर बसून त्याने वही उघडली, पुढच्या खरेदीदाराच्या न आलेल्या रकमा बोट ठेवून दाखवल्या आणि म्हणाला, चार हप्त्यांत देतो, हवं तर आत्ता लिहून सही करतो. नुसती ती सही असती तरी मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली गेली असती. नानांना कुणीतरी सांगितलं होतं की हप्ते कबूल केले की ४२० ची केस कमजोर होते. त्यांनी चहासुद्धा विचारला नाही. कमजोर व्हायला मुळात केसच नव्हती, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही, नऊ वर्षं वकिली केल्यावर, तेच म्हणते.

दोन गोष्टी राहिल्या, त्या लिहिल्याशिवाय हे उत्तर चुकीचं ठरेल. आधी पैसे दिले होते म्हणजे हेतू साफच, असं समजू नकोस. दुसऱ्या व्यापाऱ्यानेही पहिला प्लॉट रोखीने घेतला होता, तो विश्वास मिळवण्यासाठीच. तीन हंगाम सरळ व्यवहार आणि मोठ्या उचलीच्या आदल्या दिवशी दिलेली एक रोख रक्कम यांत फरक करावा लागतो, आणि तो प्रत्येक वेळी इतका स्वच्छ दिसत नाही. दुसरं, माल एकदाच न जाता टप्प्याटप्प्याने गेला असेल तर प्रत्येक टप्प्याची सुरुवात वेगळी. “पैसे तयार आहेत” या फोनवर भरवसा ठेवून नानांनी आणखी एक गाडी भरून दिली असती, तर त्या एका गाडीपुरती फसवणूक उभी राहिली असती, आधीच्या १४ टनांची तरीही नाही.

म्हणून पेपरात ‘नुसता करारभंग’ लिही आणि कोणती एक गोष्ट दिली असती तर उत्तर फिरलं असतं तेही लिही, जसं ‘अ’कडे त्या दिवशी माल नव्हता आणि तो आणायची सोयही नव्हती, तरी गोदामात आहे असं त्याने सांगितलं.

नाना मात्र अजून म्हणतात की वकील चांगला मिळाला असता तर ४२० टिकलं असतं. नाना, फिर्यादीची प्रत माझ्याकडे आहे. ८ मार्चच्या आधीचं त्याचं एक तरी खोटं त्यात दाखवा.