रडणं थांबलं, म्हणजे सावरले असं नव्हे

ताई, पाच महिन्यांपूर्वी आई गेली. बाबा ६६ वर्षांचे आहेत. पहिले तीन-चार महिने ते रोज रडायचे, तिच्या आठवणी सांगायचे, पण नात आली की हसायचेही. गेला महिनाभर रडत नाहीत, आणि बोलतही नाहीत. पहाटे तीनला उठून खुर्चीत बसून राहतात. कपडे सैल झालेत. जुने रेडिओ दुरुस्त करायचा नाद होता, त्याला हातही लावत नाहीत. "तिला आधीच डॉक्टरकडे न्यायला हवं होतं," म्हणतात, आणि मग, "माझा कुणालाच काही उपयोग नाही." भाऊ म्हणतो, दुःख आहे, वेळ लागेल. हे दुःखच आहे की डिप्रेशन?
– धाकटी मुलगी

तुमच्या भावाचं म्हणणं सुरुवातीच्या महिन्यांपुरतं बरोबर होतं. गेल्या महिन्यात जे सुरू झालंय ते मात्र मला वेगळं वाटतं, आणि त्यासाठी बाबांना याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यायला हवं. निदान ते करतील. पण वेगळं का वाटतं ते सांगते, म्हणजे भावाशी बोलायला बरं पडेल.

शोक लाटांसारखा येतो. एखादी तारीख, एखादी साडी, फोनमधला जुना आवाज, आणि माणूस कोसळतो. पण लाट ओसरते, आणि दोन लाटांच्या मध्ये तो चार घास खातो, नातीच्या बोलण्यावर हसतो. डिप्रेशनमध्ये ही ओहोटीच येत नाही. नात समोर येऊन नाचली तरी चेहरा हलत नाही. कित्येकांना तर वाईटही वाटत नाही, काहीच वाटत नाही. म्हणून अश्रू आटले याचा अर्थ घाव भरला, असा घाईने लावू नका.

बाबांची दोन वाक्यं वेगवेगळी ऐका. "तिला आधीच न्यायला हवं होतं" ही रुखरुख शोकातली आहे. ती गेलेल्या माणसाभोवती फिरते आणि बहुतेक घरांत ऐकू येते. "माझा कुणालाच काही उपयोग नाही" यात मात्र आई कुठेच नाही. ते स्वतःच्या सगळ्या किमतीबद्दल बोलताहेत. शोकात माणसाला जग रिकामं वाटतं, पण स्वतःबद्दलचा आदर बहुधा टिकून असतो. डिप्रेशन नेमकं त्यालाच हात घालतं.

डॉक्टरांचं मोजमाप साधारण असं असतं: नऊपैकी किमान पाच लक्षणं, दिवसाचा बराच वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे, आणि रोजचे व्यवहार अडण्याइतकी. त्यांत सततची उदासी किंवा कशातच रस न उरणं, या दोहोंपैकी एक असायलाच हवं. बाकीची सात म्हणजे भूक-वजनातला बदल, झोपेतला बदल, हालचाल आणि बोलणं मंदावणं किंवा उलट अस्वस्थ येरझाऱ्या, थकवा, निरुपयोगी किंवा नको इतकं अपराधी वाटणं, लक्ष न लागणं, आणि मरणाचे विचार. तुमच्या पत्रात रस जाणं, झोप, वजन आणि निरुपयोगीपणा अशी चार तर दिसतातच. बोलणं मंदावणं हे पाचवं असू शकतं.

पहाटेचं उठणं जरा बारकाईने बघा. नेहमीच्या वेळेच्या दोन तास किंवा त्याहून आधी जाग येणं, पुन्हा डोळा न लागणं आणि सकाळ सगळ्यात जड जाणं, ही तीव्र डिप्रेशनची ओळखीची खूण आहे. अशा माणसाला संध्याकाळी थोडं बरं वाटतं. भाऊ संध्याकाळीच भेटत असेल, तर त्याला दिसणारे बाबा तुम्हाला दिसणाऱ्या बाबांपेक्षा खरोखरच बरे असतील. त्याला एकदा मुक्कामाला बोलवा.

"कारण आहे, म्हणजे आजार नाही," ही समजूत डॉक्टरांमध्येही होती. अमेरिकन मानसोपचार संघटनेची निदान-पुस्तिका जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने शक्यतो डिप्रेशनचं निदान करू नका, असं सांगायची. २०१३च्या आवृत्तीत ती सूट काढून टाकली. दुःखाला कारण असतं आणि त्याच कारणाने आजारही सुरू होऊ शकतो.

आता करायचं काय? भेटीची वेळ मिळेपर्यंत वहीत रोज तीन-चार ओळी लिहा: किती वाजता जाग आली, किती खाल्लं, दिवसभरात स्वतःहून काय केलं, आणि त्यांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत. वजन करून ठेवा. "तुम्हाला डिप्रेशन आहे" म्हणून नेऊ नका. "झोप आणि वजन दाखवून येऊ" म्हणा. ते खोटं नाही, आणि नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालेल. या वयात थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर आणि बी-१२ तपासतात, कारण त्यांतल्या बिघाडानेही माणूस असाच मलूल होतो. चालू औषधांची यादी न्या, आणि दारू घेत असतील तर तेही सांगा.

एक प्रश्न तुम्हीच आज विचारा. शेजारी बसून, सरळ: "बाबा, जगणं नको असं वाटतं का? जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बहुतेकांना बोलायला वाट मिळते. "तिच्याकडे जावंसं वाटतं" एवढंच म्हणाले, तर ते शोकातही येतं, पण तिथे थांबू नका. कसं, कधी, काही ठरवलंय का, तेही विचारा. पद्धत किंवा तयारी कळली, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. उत्तर काहीही येवो, आईची उरलेली औषधं आजच घराबाहेर काढा. ती बहुतेक घरांत कपाटात तशीच पडून असतात, आणि नुकतीच बायको गेलेल्या वयस्क पुरुषांमध्ये हा धोका जास्त असतो.

गोळ्या सुरू झाल्या तर पहिल्या पंधरवड्यात फारसं दिसत नाही. अनेकदा झोप आणि भूक आधी सुधारते, मन मागून येतं, आणि पुरता परिणाम कळायला सहा ते आठ आठवडे जातात. मधल्या काळात अंगात थोडी ताकद येते पण आशा आलेली नसते, म्हणून तेव्हा लक्ष जास्त हवं. वयस्कांमध्ये काही गोळ्यांनी रक्तातलं सोडियम घटतं. सुरुवातीच्या आठवड्यांत अचानक गोंधळले किंवा तोल जाऊ लागला, तर लगेच कळवा. घरचे दोनदा चुकतात: दुसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून गोळी बंद करतात, नाहीतर तिसऱ्या महिन्यात "आता बरे आहेत" म्हणून. बरं वाटल्यानंतरही साधारण सहा महिने औषध चालतं आणि मग डॉक्टर ते हळूहळू कमी करतात. आजार सौम्य ठरला, तर समुपदेशनावरही भागू शकतं.

घरी "मन रमवा" म्हणू नका, कारण रमणं हीच शक्ती या आजाराने नेलेली असते. त्याऐवजी रोज सकाळी ठरलेल्या वेळी रेडिओसमोर दहा मिनिटं त्यांच्याबरोबर बसा. मागचं झाकण उघडायचं, धूळ पुसायची, बस. आवडेल तेव्हा करू म्हणून थांबलात तर तो दिवस उगवत नाही. या आजारात आधी हात चालतात, गोडी नंतर येते. आणि घर विकणं, मुलांकडे कायमचं राहायला जाणं असले निर्णय ते बरे होईपर्यंत त्यांच्यापुढे आणू नका.