चकली तुटते म्हणून मोहन वाढवू नका, पाणी तपासा

“भाजणी घरचीच आहे, 4 वाट्या तांदूळ, 2 वाट्या हरभऱ्याची डाळ, 1 वाटी उडीद डाळ. त्यातली 4 वाट्या भाजणी पाव वाटी मोहन घालून कोमट पाण्यात भिजवली, तर चकली साच्यातून पडतानाच तुटत होती. म्हणून अजून अर्धी वाटी तेल घातलं. आता कढईत विरते आणि तेलकट होते. भिजवलेलं पीठ वाया जाणार का?”

ताई, पीठ वाया जाणार नाही. प्रमाण तुमचं बरोबर आहे आणि पहिलं पाव वाटी मोहनही बरोबरच होतं. कमी पडलं ते पाणी, आणि तेही उकळतं.

तांदूळ आणि डाळी यांच्यात गव्हासारखा चिकटपणा नसतो. भाजणीला धरून ठेवते ती तांदळाची उकड. कोमट पाण्यात तांदळाचं पीठ नुसतं ओलं होतं, शिजत नाही, म्हणून साच्यातून येणारी तार तुटत राहते. मोहनाचं काम उलटं आहे. ते पिठाच्या कणांभोवती बसून त्यांना एकमेकांना घट्ट धरू देत नाही, म्हणून चकली खुसखुशीत होते. तेच जास्त झालं की तळताना तार सुटते आणि त्या फटींत कढईतलं तेल शिरतं. म्हणजे तुटणाऱ्या चकलीला मोहन वाढवलं की ती आणखीच सुटी होते.

आता भिजवलेल्या पिठाचं बघू. त्यात पाऊण वाटी मोहन गेलं आहे, तेवढं 12 वाट्या भाजणीला पुरतं. म्हणून आणखी 8 वाट्या भाजणी घ्या, तिच्यात मोहन अजिबात घालू नका, फक्त तिच्या मापाचं मीठ, तिखट, ओवा आणि तीळ घाला. गंजात पाणी खळखळ उकळू द्या आणि त्यातलं 6 वाट्या पाणी भाजणीवर ओतून उलथन्याच्या दांड्याने हलवा. 20 मिनिटं घट्ट झाकून ठेवा. मग गरम असतानाच जुन्या पिठात मिसळून मळा. कोरडं वाटलं तर गरम पाण्याचा हात लावत जा, एकदम ओतू नका.

पुढच्या घाण्याला सुरुवातीपासून असं करा: 4 वाट्या भाजणीत पाव वाटी कडकडीत तेल घालून दोन्ही हातांनी चोळा. मूठ दाबली की मुटका व्हावा आणि बोटाने टोकलं की फुटावा. मुटका झालाच नाही तर मोहन कमी. टोकूनही फुटला नाही आणि हाताला तेल लागलं तर जास्त. मग 3 वाट्या उकळतं पाणी, 20 मिनिटं झाकण, आणि वरून लागेल तसं अर्ध्या वाटीपर्यंत गरम पाणी.

मळण्यात घाई करू नका. सगळं एकदम न मळता एका साच्यापुरता गोळा घ्या आणि तळहाताने रगडून मऊ करा. बोटभर वळी करून ती वाकवा. कडेला भेगा पडल्या तर चमचाभर पाणी हवं. वळी हाताला चिकटली किंवा चकलीचे काटे बसू लागले तर पाणी जास्त झालं, त्यात थोडी कोरडी भाजणी मिसळा. सैल पीठ जास्त तेल पितं, कारण तळताना पाण्याची वाफ जिथून निघून जाते तिथेच तेल शिरतं. उरलेल्या पिठावर ओलं फडकं असू द्या. दिवाळीतल्या कोरड्या हवेत ते लवकर वाळतं, आणि शेवटच्या चकल्या त्यामुळेच तुटतात.

तेल फल्लीचं असो की सोयाबीनचं, ताव एकच बघा. पिठाची छोटी गोळी टाकली की ती क्षणभर खाली जाऊन बुडबुड्यांसह वर यावी. तळाशीच बसली तर तेल थंड आहे, अशा तेलात चकली तेल पिणारच. लगेच लाल झाली तर बाहेरून रंग येईल आणि आत मऊ राहील. चुलीवर करत असाल तर चकल्या सोडताना आच चांगली ठेवा आणि एक मिनिटाने एक लाकूड मागे ओढा. एका वेळी कढईत मोकळ्या तरंगतील तेवढ्याच टाका, गर्दी केली की ताव पडतो. पहिलं मिनिटभर झारा लावू नका, कच्ची चकली तिथेच मोडते. बुडबुडे जवळजवळ थांबले की काढा आणि चाळणीत उभ्या लावून निथळू द्या.

आधी एकच चकली तळा, पूर्ण गार करा आणि मोडून बघा. आत बारीक पोकळ जाळी दिसली तर जमलं. मोडताना बोटाला तेल लागलं तर आधी ताव बघा, मगच पीठ.

एवढं करूनही तार तुटत असेल तर पीठ चाळून बघा. चक्कीवर जाडसर दळलं गेलं असेल किंवा डाळी लाल होईपर्यंत भाजल्या असतील, तर उकड नीट धरत नाही. जाडसर असेल तर पुन्हा दळून आणा. डाळी जास्त भाजल्या गेल्या असतील तर 4 वाट्यांमागे अर्धी वाटी कोरं तांदळाचं पीठ मिसळून मग उकळतं पाणी घाला.

शेवेला मात्र हे उकळतं पाणी लावू नका. बेसन स्वतःच चिकट असतं, त्याला साधं पाणी आणि बेताचं मोहन पुरतं.